आमची वाटचाल: चारशे बाटल्यांचं कोटेशन

आमच्या कोटेशनला आता दोन पानं लागतात. दर पहिल्या अर्ध्या पानातच संपतात. उरलेल्या दीड पानात पैसे कधी यायचे, कोरीवकाम कधी सुरू व्हायचं आणि माल कुठे उतरायचा, एवढंच असतं. धंदा सुरू केला तेव्हा आम्ही दर व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचो आणि तेवढं पुरायचं, कारण तेव्हाची ऑर्डर म्हणजे वास्तुशांतीला पंचवीस तांब्याचे लोटे किंवा मुंजीला पन्नास वाट्या. गिऱ्हाईक दुकानात यायचं, माल हातात घेऊन बघायचं, पैसे द्यायचं. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांकडून दिवाळीच्या भेटवस्तूंच्या ऑर्डरी यायला लागल्या आणि चित्रच पालटलं. माल बघतो एक, ऑर्डर काढतो दुसरा, पैसे देतो तिसरा, आणि गेटवर उतरवून घेणारा चौथाच. या चौघांना एकाच कागदावर आणायचं काम कोटेशन करतं.

मी आणि माझे दीर मिळून हा व्यवसाय बघतो. तांब्याची भांडी नाशिकच्या तांबटांकडून आणि भांडी बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्यांकडून घेतो. लोगो कोरायचं लेझर मशीन आमचं स्वतःचं आहे. २०२५च्या दिवाळीची एक ऑर्डर इथे सविस्तर सांगते, कारण आमच्या कोटेशनमधली बहुतेक कलमं तिच्यात कामाला आली.

अंबडच्या एका कारखान्याला कामगारांसाठी चारशे तांब्याच्या बाटल्या हव्या होत्या. बाटलीवर कंपनीचा लोगो, खाली प्रत्येकाचं नाव, छापील पट्टीचा बॉक्स. एचआरच्या मॅडमनी फोनवर पहिलंच वाक्य टाकलं, "ताई, साडेसातशेत बसवा, त्यावर एक रुपया नाही." आम्ही विचारलं, जीएसटी धरून की सोडून? हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारावा लागतो. भेट म्हणून फुकट वाटलेल्या वस्तूंवरच्या जीएसटीचं क्रेडिट कंपनीला सहसा मिळत नाही. एरवी कच्च्या मालावरचा कर त्यांना परत मिळतो, म्हणून खरेदी विभाग कर सोडून बोलतो. भेटवस्तूत मात्र कर हा त्यांचा खर्चच असतो. मॅडमचे साडेसातशे सगळं धरून होते.

आमचा हिशोब असा: बाटली ४८० रुपये, लोगो कोरणं ३०, नाव कोरणं २०, बॉक्स आणि पट्टी ६०, खराब निघणाऱ्या नगांसाठी १५, पोच आणि हमाली १०. एकूण ६१५. त्यावर आमचे १०५ धरून दर ७२०, आणि ५ टक्के जीएसटी मिळून ७५६. सहा रुपये वर.

हे सहा रुपये आम्ही आमच्या नफ्यातून सोडले नाहीत. बाटलीवरचं नाव काढलं आणि गळ्यात अडकवायच्या जाड कागदाच्या टॅगवर घेतलं. वीसच्या जागी दहा रुपये झाले, दर ७१०, करासह ७४५ रुपये ५० पैसे. यात पैशांपेक्षा मोठी एक गोष्ट साधली. नावांची यादी शेवटपर्यंत बदलत असते. कोणी नोकरी सोडतो, कोणी नवा लागतो, कोणाच्या आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला असतो. तांब्यावर चुकीचं नाव कोरलं गेलं तर ४८० रुपयांची बाटली गेली, टॅग चुकला तर दहा रुपयांचा कागद पुन्हा छापायचा.

जीएसटीची गंमत त्या वर्षी वेगळीच होती. तांब्याच्या घरगुती भांड्यांवर तोवर १२ टक्के होता. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून तो ५ टक्के होणार होता. आमचं कोटेशन त्या मधल्या दिवसांत गेलं. त्यांच्या अकाउंट्समधून लगेच विचारणा आली, अ‍ॅडव्हान्स २२च्या आधी देतोय, मग त्यावर १२ टक्के लावणार का? उत्तर सरळ होतं. वस्तूंच्या विक्रीत अ‍ॅडव्हान्स घेताना जीएसटी भरावा लागत नाही. आणि माल व बिल दोन्ही नव्या दराच्या तारखेनंतरचे असतील, तर पैसे आधी आले असले तरी नवाच दर लागतो. अ‍ॅडव्हान्स आम्ही प्रोफॉर्मावर घेतो, खरं टॅक्स इन्व्हॉइस माल निघताना बनतं. "जीएसटी बिलाच्या तारखेला लागू असलेल्या दराने" हे वाक्य आमच्या कोटेशनमध्ये आधीपासून होतं, त्यामुळे दोन्हीकडे वाद उरला नाही.

आता अ‍ॅडव्हान्स. पन्नास टक्के घ्यायची रीत बाजारात आहे म्हणून आम्ही पन्नास म्हणत नाही. ऑर्डर मधेच रद्द झाली तर माझ्या हातात विकण्यासारखं काय उरेल, यावर आमचा आकडा ठरतो. आमचे तांबटकाका याला फार नेमका शब्द वापरतात. "वहिनी, एकदा दुसऱ्याचं नाव कोरलं की ती मोडच." म्हणजे भंगाराच्या भावाने, किलोवर. ४८०च्या बाटलीचे मोडीत फार तर दोनशे येतात. या ऑर्डरीत कोरून, बॉक्स बनवून झाल्यावर आमचे एका नगाला ५९५ रुपये गुंतलेले असणार. त्यातून मोडीचे दोनशे वजा केले तर ३९५ रुपये बुडाले. ७१०च्या दराशी हे प्रमाण साधारण ५६ टक्के पडतं. म्हणून साठ टक्के हातात आल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही.

पण कोरण्याआधी परिस्थिती वेगळी असते. कोरी बाटली कधीही दुकानात विकली जाते. तेव्हा एवढी रक्कम अडवून धरायचं कारण नाही. नव्या विक्रेत्याला इतका अ‍ॅडव्हान्स देत नाही, असं कंपनीचं धोरण होतं, आणि ते मला चुकीचंही वाटत नाही. म्हणून आम्ही साठाचे दोन भाग केले. तीस टक्के खरेदी ऑर्डरसोबत, म्हणजे ८९,४६० रुपये. त्यात बाटल्या सांगायच्या आणि नमुना बनवायचा. उरलेले तीस टक्के नमुन्यावर सही झाल्यावर, कोरीवकाम सुरू होण्याआधी. शेवटचे चाळीस टक्के माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत. फक्त बॉक्सच्या पट्टीवर लोगो असेल तर आम्ही तीस टक्क्यांवर पूर्ण ऑर्डर घेतो, आणि हा पर्याय कोटेशनमध्ये शेजारीच लिहितो. दोन्ही आकडे समोर ठेवले की पैसे कशासाठी मागतोय हे अकाउंट्सना कोणी न सांगता कळतं.

नमुना हा माझ्या मते या साखळीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद, म्हणजे वस्तू. संगणकावर दिसणारा लोगो आणि तांब्यावर उतरलेला लोगो यांत फरक पडतो. त्यांना मठारलेली बाटली आवडली होती, पण ठोक्यांच्या खड्ड्यांवर लोगोच्या बारीक रेषा तुटतात. तांबटकाकांनी मधे बोटभर रुंद सपाट पट्टा सोडून दिला, तिथे लोगो नीट बसला. ही बाटली एचआरच्या मॅडमनी हातात घेऊन पाहिली, सही केली, आणि तिची जुळी आमच्याकडे ठेवली. उघडं तांबं हाताळून काळपट होतं, हेही त्याच वेळी लेखी दिलं, म्हणजे महिन्याने डाग पडले अशी तक्रार येत नाही. डिलिव्हरीचे दिवस आम्ही ऑर्डरच्या तारखेपासून मोजत नाही. नमुन्यावर सही आणि दुसरा हप्ता, यांतलं जे नंतर येईल तिथून कामाचे बारा दिवस. पितृपक्षात भांड्यांचा बाजार थंड असतो, त्यामुळे बाटल्या वेळेत मिळाल्या. नवरात्र लागल्यावर तांबटांकडे असा मोकळा हात सापडत नाही.

मधेच कंपनीच्या साहेबांच्या मनात आलं की बॉक्समध्ये डायरी आणि पेनही घालू. मागणी साधी वाटते, पण डायरी-पेनवर १८ टक्के कर आहे. वेगवेगळ्या दराच्या वस्तू एकाच किमतीत एकत्र विकल्या, की अख्ख्या संचावर सगळ्यात वरचा दर लागतो. म्हणजे बाटलीवरही १८. नगामागे ९२ रुपयांहून जास्त, चारशे नगांवर जवळजवळ ३७ हजार रुपये निव्वळ कराचे. आमच्या सीएंना विचारून आम्ही डायरी आणि पेनचं कोटेशन वेगळं, पॅकिंग वेगळं, किंमत वेगळी असं दिलं. बजेट बघून त्यांनी तो विचार सोडला. मनुक्यांचं पाकीट घातलं असतं तर हा प्रश्न आला नसता, कारण मनुक्यांवरही ५ टक्केच आहे. नाशिकच्या विक्रेत्याला ही सोय आहे.

मालाचं वर्णन कोटेशनमध्ये लिहिताना मी वेळ घेते. तेच वाक्य त्यांच्या खरेदी ऑर्डरीत उतरतं आणि आमच्या बिलावरही तेच यावं लागतं, नाहीतर अकाउंट्स बिल परत पाठवतात. "तांब्याची बाटली, लोगोसह, टॅग व बॉक्ससह, एचएसएन ७४१८" अशी एकच ओळ ठेवतो. कोरण्याचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवला की काही ठिकाणी त्याला कंत्राटी काम समजून टीडीएस कापतात, मग तो सोडवत बसा.

डिलिव्हरीच्या कलमात "कारखान्याच्या गेटवर पोच, आत उतरवणं कंपनीकडे" असं आम्ही स्पष्ट लिहितो. एकूण बिल २,९८,२०० रुपयांचं होतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावर माल असला की ई-वे बिल लागतं, मग ते दुकानापासून अंबडपर्यंतचं का असेना. टेम्पोसोबत बिल, ई-वे बिल आणि खरेदी ऑर्डरची प्रत पाठवली. सिक्युरिटीने शेवटची प्रतच आधी मागितली. तुटफूट किंवा कमी नग असतील तर तीन दिवसांत फोटोसह कळवायचं, हेही लिहिलेलं होतं. दोन बाटल्यांची झाकणं घट्ट निघाली, शिल्लक ठेवलेल्या बारा जादा नगांतून दुसऱ्या दिवशी बदलून दिली.

शेवटचे चाळीस टक्के पंधरा दिवसांच्या आत आले. आता त्याच कंपनीला चाकणच्या प्लँटसाठीही बाटल्या हव्या आहेत. बिल अंबडच्या नावाने आणि पोच चाकणला, त्यामुळे वाहतूक दरात न धरता वेगळी लिहिली आहे, आणि दोन्हीकडच्या स्टोअरच्या माणसांची नावं मागवली आहेत.