भेंडी बुळबुळीत होऊ नये म्हणून मी काय करते (माझा अनुभव)

भेंडीचा सगळा खेळ पाण्याचा आहे. आत जो चिकट रस असतो तो पाणी लागलं की फुगतो आणि तार सुटते, म्हणून चिरलेली भेंडी धुवायची नाहीच. मी अख्खी भेंडी धुते, चाळणीत निथळते, मग सुती फडक्यावर पसरून एकेक पुसते. कंटाळवाणं काम आहे पण इथे घाई केली तर पुढचं काही कामाला येत नाही. देठाच्या टोपीखाली खाचेत पाणी अडकून बसतं, ते हमखास राहतं, तिथे बोट फिरवून बघायचं. वेळ असेल तर पंख्याखाली तासभर ठेवते.

चिरताना सुरी आणि पाट कोरडे हवेत. फार बारीक चकत्या केल्या तर काप जास्त आणि रस बाहेर यायला वाटा पण जास्त, म्हणून मी अर्ध्या इंचाचे तुकडे करते. सुरीला तार लागायला लागली की मध्येच पुसून घेते.

आता परतणं. पाव किलो भेंडीला पसरट कढई आणि दोन मोठे चमचे तेल, त्याहून कमी तेलात भेंडी खाली लागते आणि कोरडी पडते. तेल चांगलं तापलं, मोहरी तडतडली की भेंडी टाकायची आणि एका थरात पसरायची. एकावर एक ढीग झाला तर वरची भेंडी खालच्यांच्या वाफेत शिजते, परतली जात नाही, त्यामुळे जास्त असेल तर सरळ दोन घाणे करायचे. गॅस मध्यम-मोठा. झाकण अजिबात नाही, झाकणाला जमलेलं पाणी परत भेंडीवरच पडतं ना!

पहिली दोन-तीन मिनिटं हलवायचं नाही, खालची बाजू लालसर होऊ द्यायची. मग उलथन्याने हलकेच उलटायचं, सारखं ढवळलं की तुकडे फुटतात आणि अजून चिकटपणा सुटतो. साधारण पाचव्या मिनिटाला उलथनं उचललं की बारीक धागे ओढले जाताना दिसतात, बघून घाबरायला होतं पण तसंच परतत राहायचं, अजून पाच-सात मिनिटांत धागे सुकून तुटायला लागतात आणि तुकडे कढईत सुटे सुटे फिरतात. हळद-तिखट तेव्हा घालते. मीठ अगदी शेवटी, कारण मीठ लागलं की भेंडी पाणी सोडते.

लिंबू किंवा आमचूर घातला की तार कमी होते हे खरंय, पण ओल्या भेंडीवर पिळून कुरकुरीतपणा येत नाही. मी आमचूर मिठाबरोबरच अर्धा चमचा घालते, तोही चवीसाठीच जास्त. आणि भेंडी जून असेल तर यातलं काहीही केलं तरी चोथाच लागतो, तेव्हा घेतानाच शेंडा मोडून बघा, कट्कन मोडला तर घ्या, वाकला तर राहू द्या.

झाली की लगेच ताटात पसरते, गरम कढईत झाकून ठेवली तर पुन्हा मऊ पडते.