आमची वाटचाल : भोसरीचं गेजचं वर्कशॉप आणि मेलची पहिली ओळ

२००९ साली एक सेकंडहँड सरफेस ग्राइंडर, एक लेथ आणि ग्रॅनाइटची सरफेस प्लेट एवढ्यावर आम्ही भोसरी एमआयडीसीत गेज आणि इन्स्पेक्शन फिक्स्चरचं, म्हणजे पार्टची मापं तपासायच्या साधनांचं, काम चालू केलं. ती सरफेस प्लेट अजून आहे, तिच्यावर कुणी चहाचा कप ठेवलेला मला आजही चालत नाही. पहिली दहा वर्षं एकाच मोठ्या कस्टमरच्या कामात गेली, ७० टक्के काम त्यांचंच.

२०१९ ला ऑटोमध्ये मंदी आली, त्यांनी गेजचं काम घरातच करायला घेतलं, पाठोपाठ मार्च २०२० चा लॉकडाऊन. सहा पोरं होती, दोन राहिली. तेव्हा मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. कुणाकडून तरी १८०० मेल आयडींची यादी विकत घेतली आणि ‘आम्ही अमुक साली स्थापन झालेली नामांकित कंपनी’ असा एकच मेल चारचारशेच्या गठ्ठ्याने बीसीसीत सोडला. ऑर्डर शून्य. निम्मे आयडी बंद पडलेले, मेल बाउन्स होऊन परत आले, बऱ्याच जणांनी स्पॅम म्हणून मार्क केलं, आणि महिन्याभरात जुन्या कस्टमरचा फोन, कोटेशन आलंच नाही म्हणून. माझं कोटेशन त्यांच्या स्पॅममध्ये पडलेलं! डोमेनची पत एकदा गेली की ओळखीच्या माणसालाही मेल पोचत नाही. मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आल्याचं पटवणाऱ्या SPF, DKIM सेटिंग नीट लावून रोज मोजकेच खरे मेल पाठवत ते सुधारायला पाच महिने गेले.

मग शहाणपण आलं ते सरांमुळे. सर म्हणजे आमचे पहिले कस्टमर, एका कंपनीचे क्वालिटी हेड, आता रिटायर. २०११ ला आमची पहिली रिंग गेजेस त्यांनी घेतली, आणि लॅबमधून चार मायक्रॉन जास्त आल्यावर न रागावता स्वतः येऊन आम्हाला लॅपिंग दाखवलं. त्यांनी फोन पुढे धरला आणि म्हणाले, ‘हे बघ, माझ्या इनबॉक्समध्ये तुझं काय दिसतं?’ नाव, सब्जेक्ट आणि पहिल्या ओळीचे चारपाच शब्द, बस. उघडायचं की डिलीट करायचं ते तेवढ्यावरच ठरतं. ‘आम्ही नामांकित’ वाचून कोण उघडेल? समोरच्याला कळलं पाहिजे की हा माणूस माझ्याच वर्तुळातला आहे आणि मलाच लिहितोय.

सरांनीच चाकणच्या एका परचेस मॅनेजरचं नाव दिलं, नवीन हाउसिंग लाइनला सहा फिक्स्चर लागणार होते. मी मेल नीट लिहिला, ‘सरांच्या शिफारशीवरून लिहीत आहे’ अशी सुरुवात केली आणि पाठवला. उत्तर नाही. परत पाठवला, तरी नाही.

दोन महिन्यांनी सरांकडून कळलं. आमच्याच लाइनमधल्या एका माणसाने (नाव घेत नाही, भोसरीत सगळ्यांना माहितीये) माझ्या नऊ दिवस आधी त्याच साहेबांना मेल टाकला होता, सुरुवात तीच, सरांची शिफारस. प्रत्यक्षात सरांनी एका कार्यक्रमात त्याचं व्हिजिटिंग कार्ड फक्त खिशात ठेवलं होतं. साहेबांनी सरांना फोन केला, सर म्हणाले मी ह्याला ओळखत नाही. त्यावर माझा मेल गेला, तेच नाव, तेच शब्द. न उघडताच डिलीट. सहा फिक्स्चरची ऑर्डर, तेव्हा आमचं चार महिन्यांचं भाडं आणि पगार त्यात निघाले असते. त्या माणसाने आजतागायत साधं सॉरी म्हटलेलं नाही, समोर आला की मान फिरवतो. मला अजून राग आहे.

पण चूक माझ्याही शब्दांत होती. ‘शिफारस’ हा शब्द कोणीही लिहू शकतो. तेव्हापासून मी नातं जेवढं आहे तेवढंच लिहितो. ‘२०११ पासून आमची रिंग गेजेस वापरलेल्या सरांनी काल फोनवर तुमचं नाव सांगितलं, तुम्ही हाउसिंगसाठी फिक्स्चरवाला शोधताय म्हणाले.’ ह्यात साल आहे, वस्तू आहे, कारण आहे, आणि समोरच्याने एक फोन केला की खरं-खोटं कळतं. आणि आधी विचारायचं, ‘सर, तुमचं नाव घालू का, सीसीत ठेवू का?’ ते नको म्हणाले तर नाव नाही म्हणजे नाही.

कार्यक्रमाचंही तसंच. जानेवारी २०२३ ला बेंगळुरूच्या आयमटेक्स ह्या मशीन टूलच्या प्रदर्शनाला मी फक्त बघायला गेलो होतो, स्टॉल परवडत नव्हता. एका गेजवाल्याच्या स्टॉलवर कोइमतूरच्या पंप कंपनीचे एक साहेब विचारत होते, पातळ बुश थ्री जॉ चकमध्ये बोअर करतो, डायल बोअर गेज सगळीकडे ओके दाखवतो, पण गो प्लग, म्हणजे भोक बरोबर असेल तर आत जायलाच हवा तो गेज, अडकतो, का? स्टॉलवरच्या पोराने कॅटलॉग दिला. मला उत्तर माहीत होतं, पण दुसऱ्याच्या स्टॉलवर त्याचा कस्टमर ओढणं मला पटत नाही, म्हणून गप्प बसलो. गळ्यातल्या बॅजवरून नाव आणि कंपनी तेवढी वहीत लिहिली.

तिसऱ्या दिवशी पुण्यात येऊन मेल टाकला, इंग्रजीतच, पण सुरुवात मराठीत सांगायची तर अशी: ‘शनिवारी आयमटेक्सला तुम्ही बुशचा गो प्लग अडकतो असं विचारत होतात, मी शेजारी उभा होतो, आपली ओळख झाली नाही.’ लगेच पुढे उत्तर दिलं. चक सोडला की बुश तीन ठिकाणी फुगतो, तीन कोनी होतो, आणि डायल बोअर गेजसारख्या टू पॉइंट गेजला तीन कोनी भोकाचा डाया सगळीकडे जवळपास सारखाच लागतो, म्हणून तो फसतो. थ्री पॉइंट गेजने बघा, आणि बुशला पूर्ण वेढतील असे सॉफ्ट जॉ बोअर करून लावा. आमची कंपनी काय करते ते शेवटच्या ओळीत.

‘आपण भेटलो होतो’ असं लिहायचा मोह झाला होता, लिहिलं असतं तर ते आठवत बसले असते आणि शंका आली असती. आणि उशीर करू नका, आठवडाभरात लिहा, नंतर त्यांना स्वतःचा प्रश्नही आठवत नाही. अजून एक, माणूस कामाच्या नात्याने जिथे चारचौघांत होता तेवढंच लिहायचं. मागे आमच्या पोराने एकाला ‘सवाई गंधर्वला तुम्हाला फॅमिलीसोबत पाहिलं’ अशी सुरुवात केली होती, मी मेल जायच्या आधी थांबवला. गाण्याचा आणि गेजचा संबंध काय, त्या माणसाला पाळत ठेवल्यासारखं वाटेल.

कोइमतूरहून दोन दिवसांत उत्तर आलं. जॉ बदलून बराच फरक पडला होता, आणि लाइनवर शंभर टक्के तपासायला हवेच्या दाबावर भोक मोजणारे तीन जेटचे एअर प्लग मिळतील का असं विचारलं होतं. चार प्लग आणि त्यांच्या सेटिंग रिंग, २०१९ नंतरची पुण्याबाहेरची आमची पहिली ऑर्डर. जानेवारी २०२५ च्या आयमटेक्सला साहेब परत भेटले, ह्या वेळी हात मिळवून. होसूरच्या एका माणसाचं नाव दिलं आणि म्हणाले, माझं नाव घाला, पण मला सीसीत ठेवा.