रे ट्रेसर, नोंद ७: चेंडूच्या बुडाशी पायऱ्या

मागच्या नोंदीत जमीन म्हणून २००० त्रिज्येचा एक भलामोठा गोल ठेवला होता आणि त्यावर एक चकचकीत चेंडू टेकवला होता. लांबून चित्र झकास दिसत होतं. काल कॅमेरा चेंडू टेकतो त्या जागेजवळ नेला, तर बुडाशी जमिनीचं प्रतिबिंब सलग येण्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांचं आलं. सगळं गणित `float` मध्ये आहे, वेगासाठी.

चेंडूच्या बुडावरून परावर्तित झालेला किरण जवळजवळ सरळ खाली जातो. जमिनीच्या गोलाला तो दोनदा छेदतो: एकदा लगेच, आणि दुसऱ्यांदा आरपार जाऊन सुमारे ४००० अंतरावर. म्हणजे वर्गसमीकरणाचं एक मूळ चिमुकलं, दुसरं अवाढव्य, आणि b अर्थातच मोठा. चित्र बाजूला ठेवून तसंच एक समीकरण वेगळं काढलं: x² − 4000x + 1 = 0. लहान मूळ ०.०००२५ यायला हवं. नेहमीच्या सूत्राने आलं ०.०००२४४१४, म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त चूक. `float` मध्ये सात अंक बरोबर असतात म्हणतात, इथे दुसऱ्याच अंकापासून चूक.

मला वाटलं होतं वजाबाकी चुकतेय. ती चुकत नाही, आणि गंमत इथेच आहे. विवेचक १,५९,९९,९९६ येतो. तो १,६७,७७,२१६ पेक्षा, म्हणजे २ च्या २४ व्या घातापेक्षा लहान असल्यामुळे `float` मध्ये तंतोतंत बसतो. त्याचं वर्गमूळ ३९९९.९९९५ च्या अगदी जवळ आहे, पण त्या भागात `float` चे लागोपाठचे आकडे ०.०००२४४ अंतरावर आहेत. म्हणून सगळ्यात जवळचा घेतला जातो: ३९९९.९९९५११७. चूक फक्त ०.००००११७ ची, चार हजारांपुढे काहीच नाही. मग ४००० मधून हे वजा केलं. ही वजाबाकी अगदी अचूक होते, पण मोठे अंक एकमेकांत उडून जातात आणि उरतो ०.०००५ च्या आसपासचा अवशेष, ज्याच्यात तीच जुनी चूक जशीच्या तशी आहे. हत्तीच्या अंगावरची माशी आता मुंगीच्या अंगावर बसली.

पायऱ्यांचाही उलगडा झाला. b चा आकार २०४९ ते ४०९५ पर्यंत एकेकाने वाढवत नेला, तर लहान मुळासाठी फक्त तीनच उत्तरं मिळतात: ०.०००४८८, ०.०००३६६ आणि ०.०००२४४. सगळी ०.०००१२२ च्या पटीत. तुमच्या उत्तरांत असा ठरावीक पटींचा जिना दिसला तर हाच रोग समजा. १०००० घेतले तर विवेचकातले ४ सुद्धा गिळले जातात आणि मूळ चक्क शून्य येतं, c एक असताना!

`double` करून बघितलं. रोग पुढे ढकलला जातो, एवढंच. b दहा कोटी केला की लहान मूळ ०.००००००००७४५ येतं, खरं ०.०००००००१० ऐवजी.

औषध दहावीच्या पुस्तकातच होतं: मुळांचा गुणाकार c/a. मोठं मूळ काढताना बेरीज होते, तिथे काही उडत नाही. आधी ते काढायचं आणि c ला त्याने भागून लहान मूळ मिळवायचं. कुठलं चिन्ह घेतल्याने बेरीज होईल, ते b चं चिन्ह ठरवतं.

```c
float q = -0.5f * (b + copysignf(sqrtf(D), b));
float x1 = q / a;
float x2 = c / q;
```

वरच्याच समीकरणात q ३९९९.९९९७५५९ आला आणि x2 ०.०००२५००००, सगळे अंक जागेवर. `copysignf` मुद्दाम घेतलंय. आधी स्वतःचं चिन्ह-फलन लिहिलं होतं, ते b शून्य असताना शून्य द्यायचं आणि q सुद्धा शून्य व्हायचा. आता q शून्य होतो तो फक्त b आणि c दोन्ही शून्य असताना, तेवढं वेगळं तपासा. शिवाय x1 नेहमी जवळचा छेद असेलच असं नाही, म्हणून नंतर दोघांची तुलना करावी लागते. हे विसरल्यामुळे अर्धा तास चेंडू गायब होता.

पायऱ्या खूपच बारीक झाल्या, पण पूर्ण गेल्या नाहीत. कारण आता c मध्ये आहे. तो मी केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग वजा त्रिज्येचा वर्ग असा काढतोय: चाळीस लाखातून चाळीस लाख. सूत्र कितीही शहाणं केलं तरी सहगुणकच बिघडलेले आले तर ते काय करणार? (अंतर − त्रिज्या) × (अंतर + त्रिज्या) केल्यावर आणखी फरक पडला. उरलेला दोष बिंदूच्या जागेतच आहे, कारण केंद्रापासून २००० वर `float` ची पायरी मुळातच ०.०००१२२ आहे. जमिनीला सरळ प्रतल करावं लागेल बहुतेक.

दोन्ही मुळं जवळजवळ सारखी असतात, म्हणजे किरण गोलाला कडेने घासून जातो, तेव्हा विवेचकातच b² आणि 4ac एकमेकांना खातात. त्यावर वरच्या तीन ओळींचा काही उपयोग नाही. तिथे सध्या फक्त विवेचक `double` मध्ये काढतोय.