सव्वानऊच्या कँडलमागे काय दडलंय: ईटीएफ घेताना आलेला माझा अनुभव

आईची एक मुदत ठेव संपली आणि त्यातले काही पैसे निफ्टी नेक्स्ट ५० च्या ईटीएफमध्ये, म्हणजे त्या निर्देशांकातले शेअर धरणाऱ्या आणि बाजारात शेअरसारख्याच विकत मिळणाऱ्या फंडात, हप्त्याहप्त्याने घालायचं आम्ही ठरवलं. पहिला हप्ता साधारण लाखाचा होता. घ्यायच्या आदल्या संध्याकाळी मावसभाऊ प्रसादने मला त्याच ईटीएफच्या डेली चार्टचा फोटो पाठवला. "दादा, आज सकाळी सहा टक्के पडला होता बघ. आपला चान्स हुकला."

चार्टवर तसंच दिसत होतं. आदला बंद भाव ७०४, त्या दिवसाचा नीचांक ६६१ आणि बंद ७०२. त्या दिवसाचे भाव दाखवणाऱ्या कँडलचं अंग बोटभरही नाही आणि खाली लांबच लांब शेपटी. पण हा ईटीएफ ज्या निर्देशांकामागे चालतो, त्याचा चार्ट शेजारी उघडला तर तो दिवसभरात एक टक्काही घसरलेला नव्हता. पन्नास कंपन्यांचे शेअर जागेवर असताना त्यांची टोपली सहा टक्क्यांनी स्वस्त कशी होईल? म्हणून मी चार्ट एका मिनिटावर आणला. शेपटी पूर्णपणे ९:१५ च्या कँडलमध्ये होती आणि त्या मिनिटाचा व्हॉल्यूम होता दीडशेच्या आसपास युनिट. म्हणजे लाखभर रुपयांच्या व्यवहाराने सहा टक्क्यांची रेघ ओढली होती. ९:१७ ला भाव परत ७०१ वर.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडताना मी खरेदी न करता फक्त मार्केट डेप्थ, म्हणजे कोणत्या भावाला किती युनिट घ्यायला-विकायला लागलेत ती यादी, उघडून बसलो. मला बघायचं होतं ते हेच. घेणाऱ्यांच्या बाजूला ६९९.५० ला २० युनिट, त्याखाली ६९० ला १५, ६७५ ला ५० आणि ६६१ ला १००. मधे काहीच नाही. आता अशा वेळी कुणी १५० युनिट मार्केट ऑर्डरने, म्हणजे मिळेल त्या भावाला, विकले तर काय होईल ते कागदावर मांडलं. पहिले २० युनिट ६९९.५० ला जातील, पुढचे १५ युनिट ६९० ला, ५० युनिट ६७५ ला आणि उरलेले ६५ थेट ६६१ ला. हातात येतील १,०१,०५५ रुपये, म्हणजे सरासरी ६७३.७० चा भाव. ७०२ च्या रास्त भावाने त्यांचे १,०५,३०० व्हायला हवेत. सव्वाचार हजार रुपये एका मिनिटात गेले आणि चार्टवर "सहा टक्क्यांची पडझड" कायमची नोंदली गेली. आदल्या दिवशीची शेपटी अशीच तयार झाली असणार.

हे उघडतानाच का होतं, त्याचं कारण मार्केट मेकरमध्ये आहे. ईटीएफचा भाव एनएव्हीच्या, म्हणजे एका युनिटमागच्या शेअरच्या मूल्याच्या, जवळ ठेवण्याचं काम ते करतात. बाजारभाव फार वर गेला की ते टोपलीतले शेअर घेऊन फंडाकडून नवे युनिट तयार करून घेतात आणि विकतात, खाली गेला की उलटं. पण त्यासाठी टोपलीतल्या पन्नासही शेअरचे भाव स्थिरावलेले लागतात. पहिल्या काही मिनिटांत ते उड्या मारत असतात, त्यामुळे मार्केट मेकर एक तर थांबतो किंवा खरेदी-विक्रीच्या भावात मोठं अंतर ठेवतो. मधल्या पोकळीत सापडतात ते रात्री ऑर्डर लावून झोपलेले किरकोळ गुंतवणूकदार.

रास्त भाव कुठे बघायचा, तर आय-एनएव्ही. टोपलीतल्या शेअरच्या चालू भावावरून काढलेलं हे युनिटचं मूल्य फंड कंपनीच्या आणि एक्स्चेंजच्या वेबसाइटवर मिळतं. सेबीच्या २०२२ च्या परिपत्रकानुसार इक्विटी ईटीएफसाठी ते जास्तीत जास्त १५ सेकंदांच्या विलंबाने दाखवावं लागतं. मी एका खिडकीत आय-एनएव्ही आणि दुसरीत डेप्थ ठेवली. उघडल्या उघडल्या आय-एनएव्ही ७०३.८० होता आणि विकणाऱ्याचा सर्वात कमी भाव ७१३, म्हणजे १.३ टक्के प्रीमियम. दहाच्या सुमारास तेच आकडे ७०५.४० आणि ७०५.९० झाले, शंभर रुपयांमागे सात पैसे. मी ७०६ ची लिमिट, म्हणजे त्याहून जास्त भाव द्यायचा नाही अशी अट, टाकून १४० युनिट घेतले. ऑर्डर दोन तुकड्यांत, पण लगेच पूर्ण झाली. अशा इंडेक्स ईटीएफचा वर्षाचा खर्च बहुधा पाव टक्क्याच्या आत असतो. सकाळी घाई केली असती तर निदान पाच वर्षांचा खर्च पहिल्याच मिनिटात देऊन मोकळा झालो असतो.

प्रीमियम मोजताना आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. पुढच्या एका दिवशी चार्टवर शेवटचा व्यवहार ६९५.२० ला दिसत होता आणि रात्री जाहीर झालेली एनएव्ही ६९९. प्रसाद म्हणाला, अर्धा टक्का डिस्काउंट आहे, उद्या सकाळी घेऊन टाकू. पण त्या दिवशी बाजार शेवटच्या पंधरा मिनिटांत जोरात घसरला होता. एनएव्ही काढताना शेअरचा बंद भाव धरतात आणि तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांची सरासरी असतो. चार्टवरचा आकडा मात्र अगदी शेवटच्या सौद्याचा. दोन वेगवेगळ्या वेळांचे भाव शेजारी ठेवल्यामुळे ते डिस्काउंट दिसत होतं. तुलना करायची तर एकाच क्षणाचे आय-एनएव्ही आणि डेप्थमधले भाव घ्यावे लागतात.

हे सगळं देशी शेअरच्या ईटीएफबद्दल झालं. नॅसडॅक १०० च्या ईटीएफचा प्रीमियम वाट बघून जात नाही. आपल्या सगळ्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशी ईटीएफमध्ये घालायच्या रकमेवर १ अब्ज डॉलरची आणि एकूण परदेशी गुंतवणुकीवर ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आली की फंड नवे युनिट काढत नाही, मार्केट मेकरचा हात बांधला जातो आणि मागणी राहिली की भाव एनएव्हीच्या वरच राहतो, काही वेळा दहा टक्क्यांहून जास्त. शिवाय आपला बाजार चालू असतो तेव्हा अमेरिकेचा बंद असतो, त्यामुळे तुलनेचा आकडाही आदल्या रात्रीचा. आईच्या पैशांसाठी आम्ही तो पर्याय बाजूला ठेवला. मर्यादा सैल झाली तर तो प्रीमियम विरघळेल आणि निर्देशांक जागेवर असूनही तोटा होईल.

मग प्रसादने विचारलं, "६६५ ला जीटीटी लावून ठेवली तर? शेपटी आली की आपल्याला स्वस्तात मिळेल." जीटीटी म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप सुटणारी ऑर्डर. तिचा ट्रिगर शेवटच्या सौद्याच्या भावावर सुटतो आणि त्यानंतर लिमिट ऑर्डर एक्स्चेंजवर जाते. ती पोहोचेपर्यंत भाव बहुधा ७०० ला परतलेला असतो, म्हणून खरेदी क्वचितच लागते. विकण्याच्या बाजूला मात्र हीच शेपटी घात करते. ६७० ला स्टॉपलॉस लावला असेल आणि ट्रिगरनंतर मार्केट ऑर्डर जाणार असेल, तर निर्देशांक न हलता युनिट विकले जातात आणि तेही त्याच रिकाम्या डेप्थमध्ये. प्रसादकडे असाच एक स्टॉपलॉस दुसऱ्या ईटीएफवर लावलेला निघाला. तो त्याने त्याच संध्याकाळी काढला आणि त्याऐवजी निर्देशांकाच्या पातळीवर अलर्ट लावला. विकायची वेळ आलीच तर आय-एनएव्ही बघून स्वतः लिमिट टाकायची, असं ठरवलं.