नफा ६० लाख, तरी वाढ १२ टक्क्यांचीच

चाकणजवळच्या एका मशीनिंग कंपनीला बँकेकडून सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट खात्याची, मर्यादा वाढवून हवी होती. बँकेला द्यायचा सीएमए डेटा, म्हणजे मागच्या आणि पुढच्या वर्षांच्या आकड्यांचे तक्ते, मी तयार केला. संचालकांनी पुढच्या तीन वर्षांचा अंदाज आधीच लिहून दिला होता: विक्री दरवर्षी ३० टक्क्यांनी वाढणार, लाभांश नेहमीप्रमाणे नफ्याच्या ४० टक्के. ऑर्डरी खऱ्या होत्या, मशीनवर जागाही होती. ताळेबंद मात्र तेवढ्या वेगाने पळू शकत नव्हता. तो किती वेगाने पळू शकतो हे कसं काढलं, ते सविस्तर लिहितो. कंपनीची ओळख पटू नये म्हणून आकडे सरळ, गोल केले आहेत.

सरलेल्या वर्षात विक्री १,२०० लाख आणि करोत्तर नफा ६० लाख, म्हणजे ५ टक्के. एकूण मालमत्ता ८०० लाख. वर्षाच्या सुरुवातीला नेटवर्थ, म्हणजे भागभांडवल आणि राखीव निधी मिळून, ३०० लाख. नफ्यातले २४ लाख लाभांश म्हणून गेले, ३६ लाख कंपनीत राहिले. वर्षअखेर नेटवर्थ ३३६ लाख, आणि उरलेले ४६४ लाख बँकेचं कर्ज व पुरवठादारांचं देणं.

शाश्वत वाढीचा दर काढायला एवढं पुरतं. कंपनीत राहिलेला नफा भागिले सुरुवातीचं नेटवर्थ: ३६ भागिले ३००, म्हणजे १२ टक्के. नवे शेअर न काढता, कर्जाचं नेटवर्थशी असलेलं प्रमाण न बिघडवता आणि मार्जिन व मालमत्तेची उलाढाल आहे तशीच राहिली, तर विक्री या दराने वाढू शकते. रॉबर्ट हिगिन्स यांनी १९७७ मध्ये ही कल्पना मांडली. त्यांच्या मांडणीत हाच दर चार गोष्टींचा गुणाकार म्हणून येतो: नफ्याचं मार्जिन, कंपनीत ठेवलेला हिस्सा, विक्री भागिले मालमत्ता आणि मालमत्ता भागिले सुरुवातीचं नेटवर्थ. आपल्या उदाहरणात ०.०५ × ०.६ × १.५ × २.६७, उत्तर पुन्हा १२ टक्केच. कोणता दोर ओढला तर दर किती हलेल, हे या चार आकड्यांत दिसतं.

इथे एक चूक फार वेळा होते. नेटवर्थ वर्षअखेरचं धरलं जातं. ३६ भागिले ३३६ केलं की १०.७ टक्के येतात आणि कंपनी उगाच दुबळी दिसते. वर्षअखेरचाच आकडा हाताशी असेल, तर आलेलं उत्तर एक वजा त्याच उत्तराने भागायचं. ०.१०७ भागिले ०.८९३ केलं की १२ टक्के परत मिळतात.

मग संचालकांचा ३० टक्क्यांचा अंदाज त्याच ताळेबंदावर चालवून पाहिला. विक्री १,५६० लाख झाली तर मालमत्ता १,०४० लाख लागते, कारण येणी, कच्चा माल, अर्धवट माल हे सगळं विक्रीबरोबर फुगतं. नफा ७८ लाख, त्यातला ४७ लाख कंपनीत राहतो. म्हणजे मालमत्ता २४० लाखांनी वाढली आणि स्वतःचे पैसे ४७ लाखच आले. उरलेले १९३ लाख देणेकऱ्यांकडूनच यायला हवेत. देणी आणि नेटवर्थ यांचं गुणोत्तर १.३८ वरून पहिल्या वर्षी १.७२, दुसऱ्या वर्षी २.०५, तिसऱ्या वर्षी २.३६ होतं. वाढत्या कर्जाचं व्याज मी यात धरलेलंच नाही. ते धरलं तर मार्जिन आणखी खाली येतं. बँकेचा अधिकारी हा चढता आकडा सगळ्यात आधी पाहतो.

लाभांश पूर्ण थांबवला तर? पुढच्या वर्षी सगळा नफा कंपनीत ठेवला तर गुणोत्तर १.३८ वर राखून विक्री २१.७ टक्क्यांनी वाढवता येते. ही वरची हद्द आहे. कंपनीने मिळवलेला प्रत्येक रुपया आत ठेवला, तरी ३० टक्के गाठता येत नाहीत. मला हे सांगणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ‘लाभांश घेतला नाही की भागेल’ हा समज घट्ट असतो.

लाभांश बंद करून तेवढेच २४ लाख संचालकांच्या पगारात टाकायचे, हा उपाय हमखास सुचवला जातो. पगार हा खर्च असल्याने २५.१७ टक्के कर वाचतो, नफा ६० वरून ४२ लाखांवर येतो आणि तो सगळा आत राहतो. दर १४ टक्के होतो. फायदा खरा आहे, पण तो फक्त वाचलेल्या कराचा आहे. पैसे कंपनीबाहेर गेले ते गेलेच.

मोठा फरक येण्यांत मिळाला. डेटर्स सरासरी ९० दिवसांचे होते. १,५६० लाख विक्रीवर ही येणी ३८५ लाख होतात. तीच ७० दिवसांवर आणली तर २९९ लाख. मालमत्ता १,०४० ऐवजी सुमारे ९५४ लाखांवर भागते. याला २० टक्के लाभांशाची जोड दिली, तर पहिल्या वर्षीचं गुणोत्तर १.४० येतं, म्हणजे जवळपास आहे तिथेच. दिवस कमी करायला इनव्हॉइस त्याच दिवशी लावणं, नाकारलेल्या मालाची डेबिट नोट आठवड्यात मिटवणं, आणि मोठ्या ग्राहकाची बिलं ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर डिस्काउंट करणं, म्हणजे मुदतीआधी थोड्या कमी रकमेला विकणं, हे मार्ग आहेत. ट्रेड्सवर विकलेल्या बिलाची जोखीम विक्रेत्याकडे परत येत नाही, पण डिस्काउंटचा खर्च मार्जिनमधून जातो, तो गुणाकारात धरायचा. उलट बाजूने, म्हणजे पुरवठादारांचे दिवस लांबवून, ही जागा करायला जाऊ नये. सूक्ष्म आणि लघू उत्पादक पुरवठादाराचं देणं करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं; उशीर झाला तर प्राप्तिकर कायद्याप्रमाणे तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला मिळत नाही.

येण्यांतली ही बचत एकदाच मिळते, हे मात्र मी अंदाजपत्रकाखाली स्पष्ट लिहिलं. दुसऱ्या वर्षी दिवस पुन्हा वीसने कमी होत नाहीत. त्या पायावर, २० टक्के लाभांश धरून, दर येतो १८.६ टक्के. म्हणून सीएमएत पहिलं वर्ष ३० टक्के आणि पुढची दोन वर्षं १८ टक्के असं गेलं. संचालकांना पुढेही ३० हवे असतील, तर नेटवर्थमध्ये बाहेरून भांडवल आणावं लागेल. संचालकांचं बिनतारण कर्ज बँक नेटवर्थसारखं धरू शकते, पण बँकेचं कर्ज फिटेपर्यंत ते काढणार नाही असं लेखी द्यावं लागतं.

एक गोष्ट सूत्रात दिसत नाही. स्टीलचा भाव चढला की एकही नग जास्त न बनवता विक्री वाढते आणि येणी व मालसाठाही तितकाच फुगतो. भावामुळे विक्री ८ टक्के वाढली, तर १२ टक्क्यांतले ८ तिथेच संपतात. नव्या ऑर्डरीसाठी चारच उरतात.

मर्यादा ओलांडली जातेय हे ताळेबंद येण्याआधी सीसीच्या स्टेटमेंटवर कळतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी व्याज नावे पडलं की खातं मर्यादेच्या वर जातं, आणि जीएसटीचा भरणा २० तारखेला एखादं चेक वठण्याची वाट पाहत थांबतो. ऑर्डर बुक भरलेलं असताना लागोपाठ तीन महिने असं दिसलं, तर मी आधी मालकाचा लाभांश आणि डेटर्सची वयवार यादी मागवतो. नव्या मशीनचं कोटेशन तोवर बाजूला.