आज विषम तारीख आहे

पुण्यात पेठेतल्या एका रस्त्यावर आम्ही जुनी पाण्याची लाइन बदलत होतो. मे महिना, पावसाआधी खड्डा बुजवायचाच होता. मी ठेकेदाराकडची साइट इंजिनिअर. खोदाई जेमतेम शंभर मीटरची, पण रस्ता अरुंद असल्यामुळे तो तेवढ्या भागापुरता पूर्ण बंद करावा लागणार होता. मूळ रस्ता एकेरी, त्यावरून पीएमपीच्या बसही जातात. वाहतूक शाखेकडून १७ ते ३१ तारखेपर्यंतचा आदेश मिळाला. चौकातून डावीकडच्या गल्लीत वळायचं, गल्ली संपली की समांतर रस्त्याला लागायचं. ही गल्लीही एकेरीच होती, पण उलट दिशेने. म्हणजे चौकातून पाहिलं तर तिच्या तोंडावर ‘प्रवेश बंद’चा लाल गोल. पंधरा दिवसांसाठी ती दिशाच फिरवलेली.

नवे बोर्ड लावण्यात मी कसूर केली नव्हती. बोर्ड काम चालू असेल तिथे लावून भागत नाही, जिथून माणसाला अजून दुसरीकडे वळता येतं तिथे तो हवा. खड्ड्याजवळ बोर्ड वाचणाऱ्या कारवाल्याला मागे जायला जागाच नसते. हायवेवर सूचनेसाठी लांबलचक पट्टा मिळतो. पेठेत पुढचा चौक हाकेच्या अंतरावर असतो, त्यामुळे पहिला पिवळा बोर्ड एक चौक अलीकडेच लावला. मग बाणाचा बोर्ड, कोन, बॅरिकेड, रात्रीसाठी लुकलुकणारे दिवे. १६ तारखेला संध्याकाळी डेपोतून एक रिकामी बारा मीटरची बस मागवून वळवूनही पाहिली. ड्रायव्हर काका एका दमात वळले, खिडकीतून अंगठा दाखवला. मी निर्धास्त घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला सुपरवायझरचा फोन. “मॅडम, गल्लीच्या तोंडाशी सगळे थांबतायत. आत कोणी जातच नाही.”

जाऊन पाहिलं तर कारण डोक्यावरच होतं. गल्लीच्या तोंडाशी ‘प्रवेश बंद’चे बोर्ड दोन. डावीकडचा आमच्या माणसांनी गोणपाट बांधून झाकला होता. उजवीकडचा गुलमोहराच्या फांदीआड होता, तो कोणाला दिसलाच नाही. आणि जो झाकला होता त्याचं गोणपाट इतकं विरळ, की लाल रंग आरपार दिसत होता. रात्री हेडलाइट पडल्यावर तर त्याचं रेडियम चमकलंच असणार. म्हणजे खाली आमचा बाण म्हणतोय डावीकडे वळा, वर लाल गोल म्हणतोय वळू नका. एक स्कूटरवाला थांबून मला म्हणाला, “ताई, तुमचं आधी काय ते ठरवा, मग आम्हाला सांगा.”

मी हातातला आदेश दाखवू लागले, तेव्हा ड्यूटीवरच्या हवालदारांनी हसून मान हलवली. “मॅडम, कागद तुमच्या फायलीत. लोकांना खांबावरचं दिसतं. कायद्यानं त्याला चिन्ह पाळायचंय, तुमची फाइल नाही.” मोटार वाहन कायद्याच्या कलम ११९ मध्ये खरंच तसं आहे, लावलेलं चिन्ह पाळणं हे चालकाचं कर्तव्य. त्यामुळे थांबलेले लोक बरोबर होते आणि आम्ही चूक. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या दुहेरी करून दोन्ही बोर्ड पूर्ण झाकले, वर सुतळी आवळली. गाड्या सुटल्या. मला वाटलं, झालं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिली भरलेली बस आली, आणि गल्लीच्या तोंडात अडकली.

लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आतल्या कोपऱ्याकडे कापत येतात. डावीकडे वळताना बसला डाव्या कोपऱ्याला मोकळी जागा लागते. आदल्या संध्याकाळी तिथे चिटपाखरू नव्हतं. आज तिथे कोपऱ्यापासून एकाला एक लागून अकरा दुचाक्या. बसचं नाक समोरच्या विजेच्या डीपीपासून हातभर, मागची बाजू पहिल्या स्कूटरला टेकलेली. पुढे जाता येईना. मागे तीन रिक्षा आणि दुधाचा टेम्पो, त्यामुळे मागेही जाता येईना.

मी हवालदारांना म्हटलं, टोइंगवाल्यांना बोलवा. तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला. “कशाच्या आधारावर उचलणार? आज तारीख किती?”

बनियनमधले एक आजोबा, हातात चहाची बशी.

“सतरा.”

“विषम. आणि तो बोर्ड वाचा. पी-१. पहिली स्कूटर माझी आहे.”

माझ्या पोटात गोळा आला. पुण्यात अशा गल्ल्यांमध्ये सम-विषम तारखेचं पार्किंग असतं. विषम तारखेला पी-१ च्या बाजूला गाड्या, सम तारखेला समोर पी-२ ला. मी बस वळवून पाहिली ती १६ तारखेला, तेव्हा सगळ्या गाड्या उजवीकडे, डीपीच्या पलीकडे होत्या. आमच्या आदेशात गल्लीची दिशा फिरवल्याचं होतं, पार्किंगबद्दल अवाक्षर नव्हतं, कारण आराखडा देताना मीच ते लिहिलं नव्हतं. स्कूटर नियमानुसार उभी होती. टोइंगला कसलाच आधार नव्हता.

आजोबा मात्र स्वतः किल्ली घेऊन खाली आले. बाकीच्या दहांपैकी चौघांचे मालक सापडले. उरलेल्या सहा गाड्या हँडल लॉक केलेल्या, त्या कंडक्टर, आमचे मजूर आणि बसमधून उतरलेले तीन कॉलेजचे मुलगे यांनी उचलून सरकवल्या. पस्तीस मिनिटं गेली. तेवढ्यात मागचे रिक्षावाले मला काय काय म्हणाले ते लिहीत नाही.

हवालदारांनी साहेबांना फोन लावला. तात्पुरता उपाय म्हणून बस एक चौक आधीच लांबच्या रस्त्याने वळवल्या आणि मधल्या थांब्यावरच्या लोकांना सांगायला आमचा एक माणूस बसवला. संध्याकाळी सुधारित आदेश आला, ३१ तारखेपर्यंत गल्लीत कोपऱ्यापासून वीस मीटर दोन्ही बाजूंना पार्किंग बंद. त्या भागातले पी-१, पी-२ चे बोर्डही आम्ही काळ्या पिशव्यांत घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामी बस आणून वळवली, आणि मुद्दाम १९ लाही.

त्या दिवशीची एक गोष्ट मात्र कुठल्याच पिशवीत घालता आली नाही. दुपारी एक आजी दारातून उतरल्या, सवयीने उजवीकडे पाहिलं आणि निघाल्या. गाड्या आता डावीकडून येत होत्या. आमच्या वॉर्डनने हाताला धरून मागे ओढलं. “हे कधी बदललं?” असं त्या चिडून विचारत होत्या, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? वर्षानुवर्षं एकाच बाजूने गाडी येते म्हटल्यावर मान तिकडेच वळणार. त्यानंतर गल्लीच्या मध्यावर मी दिवसभर एक शिट्टीवाला माणूस उभा केला, आराखड्यात नसलेला, ठेकेदाराशी भांडून.

३१ ला रात्री अकराला रस्ता मोकळा केला. आधी बाण काढले, गल्लीत शिरलेली शेवटची रिक्षा बाहेर पडेपर्यंत थांबलो, मगच लाल गोलांवरच्या पिशव्या सोडल्या. उलटं केलं असतं तर आत असलेला माणूस विनाकारण नो एंट्रीत सापडला असता. पी-१ चा बोर्ड उघडत होते तेवढ्यात आजोबा स्कूटर ढकलत आले आणि कोपऱ्यावर लावू लागले.

“उद्या एक तारीख,” मी म्हटलं.

“माहिती आहे,” ते म्हणाले. “आज विषम, उद्याही विषम. म्हणून तर आत्ताच लावतोय.”