एक घोंगडी जास्त

परवा लोणावळ्याला जायचं ठरलं. दोन दिवस, नऊ माणसं, मेव्हण्याच्या ओळखीतला बंगला. आदल्या रात्री बायकोनं सोफ्याच्या पोटातली ब्लँकेटं बाहेर काढून दिवाणखान्यात चवड रचली. मुंबईत ब्लँकेट म्हणजे वर्षातून आठ दिवस लागणारी वस्तू, त्यामुळे घरात ती किती आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. मी मोजली तर आठ भरली. तिनं मोजली तर दहा. मुलानं मोबाइलवरून डोकं न उचलता लांबूनच "नऊ" असं सांगून टाकलं, आणि गंमत म्हणजे तेच बरोबर निघालं.

मग मला बाबांची आठवण झाली. ते परळच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते. चवड नेहमी घडीकडून मोजायची, काठाकडून नाही, हे त्यांचं सांगणं. घडीच्या बाजूला एका वस्तूची एकच गोलाई दिसते. काठाच्या बाजूला एकाच चादरीच्या चार कडा दिसतात आणि डोळा फसतो. दुसरं सांगणं असं की वरून मोजून झालं की मधलं एक ओढून बघायचं, कारण ज्याला फसवायचं असतं तो चांगला माल वर आणि कडेला लावतो.

गेले काही महिने माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळते आहे. नोव्हेंबर 1778. मुंबईहून इंग्रजांची फौज राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवायला निघाली आहे. गलबतांतून माल पनवेलला उतरला आहे. उद्या कूच. आणि खाडीकाठच्या एका छपराखाली एक क्वार्टरमास्टर कंदील घेऊन घोंगड्या आणि धान्य मोजतो आहे. बस, एवढीच गोष्ट. एक रात्र, एक माणूस, एक वही. (काटेकोर वाचक म्हणतील की त्या काळी धान्याचं खातं कमिसरीकडे असे आणि क्वार्टरमास्टर तळाची जागा बघे. कबूल. पण माझ्या गोष्टीत कमिसरी तापानं पडला आहे.)

आधी घोंगड्या. पनवेलच्या दमट हवेत, घामानं अंगरखा पाठीला चिकटलेला असताना, चार हजार घोंगड्या कशाला असं शिपाई त्याला विचारणार. पण घाट चढला की डिसेंबरची रात्र मावळात कशी असते हे त्याला ठाऊक आहे. शिवाय घोंगडी नुसती पांघरायची नसते. ती खाली अंथरतात, दवात धान्याच्या गोणीवर टाकतात, दोन बांबू लावून तिच्यातून जखमी माणूस उचलून नेतात. म्हणून तो वरवर मोजत नाही. दर थप्पीतली मधली एक ओढतो, उजेडासमोर धरतो आणि कसरीची भोकं बघतो. भिजलेली असेल तर ती त्याला हाताच्या वजनावरूनच कळते. चांगली घोंगडी दोनेक किलोंची धरा, पण पाणी प्यायली की तीच बैलाच्या पाठीवरचं दुखणं होते.

धान्याची गोष्ट जास्त अवघड. गोणी मोजणं सोपं असतं, पण गोणीत काय आहे ते मोजायचं असतं. माझा माणूस गोणीचं तोंड सोडतो आणि कोपरापर्यंत हात आत घालतो. हाताला ऊब लागली की ती गोणी बाजूला, कारण खाडी ओलांडताना तिच्यात पाणी गेलेलं असतं आणि ओलं धान्य आतल्या आत तापतं. चार दिवसांत त्याला कुबट वास सुटतो, मग बुरशीचे गोळे होतात. नंतर तो एक दाणा दाताखाली धरतो. कट्‌कन तुटला तर सुका. नुसता चेपला तर ओल आहे. सगळ्या गोणी उघडणं शक्य नसतं, म्हणून तो दहातली एक उघडतो, आणि ती कुठली हे व्यापाऱ्याच्या माणसाला कधीच ठरवू देत नाही.

इथवर लिहिलं आणि मला हिशेबाचा मोह झाला. वहीत आकडे हवेत ना! फौज लढणाऱ्यांची सुमारे 3,900. माणशी रोजचं एक किलो धान्य आणि बैलाच्या पाठीवर पाऊणशे किलो ओझं धरलं, तर एका दिवसाच्या शिध्याला 52 बैल लागतात. महिन्याला साधारण 1,560. पण फौजेबरोबर मोतद्दार, हमाल, भिस्ती, सुतार, साहेबांचे खानसामे आणि त्यांची पोरंबाळंही चालतात. एका लढणाऱ्यामागे असे दोघं धरले, तर बैल पावणेपाच हजारांच्या घरात जातात. घोंगड्यांचे वरती शंभर. हे अंदाज माझे, पण बैलांचा खरा आकडा नोंदलेला आहे: 19,000. म्हणजे दर लढणाऱ्यामागे जवळजवळ पाच. धान्याला नि घोंगड्यांना पाच हजार पुरत असतील, तर उरलेले चौदा हजार कशाला? तोफा, गोळे, दारू, तंबू, आणि अधिकाऱ्यांचं सामान. इथे मी क्वार्टरमास्टरच्या तोंडी एक खवचट वाक्य घालणार होतो, पण तो नोकरीतला माणूस आहे, गप्प बसेल.

पण खरी मेख पुढे आहे. बैलही खातो. 19,000 बैलांना रोज किलोभर जरी दाणा द्यायचा म्हटला, तरी तो वाहायला दिवसाला आणखी अडीचशे बैल लागतील. शिपायांच्या शिध्याच्या जवळजवळ पाचपट! म्हणजे बैलाचं खाणं बैलावर लादून नेता येत नाही. ते वाटेत उगवलेलं असायला लागतं. म्हणून तर कूच पावसाळा उलटल्यावर, गवत उभं असताना. आणि बैलाला ते चरायला, मग बसून रवंथ करायला निवांत वेळ द्यायला लागतो. घाई केली तर तो रोडावतो, पाठीला जखमा होतात, आणि आठवड्याभरात गोण दुसऱ्याच्या पाठीवर चढवायची वेळ येते. वहीत सगळं लिहिता येतं, पण समोरच्या डोंगरावर गवत किती आहे त्याचा रकाना कुठल्या वहीत असतो?

मराठ्यांना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी मोठी लढाई अंगावर घेण्याची घाई केली नाही. वाटेवरचा चारा आणि धान्य जाळत, गावं मोकळी करत ते मागे सरकत गेले. फौज घाट चढून आली आणि रखडली. 4 जानेवारी 1779 ला ती कार्ल्याला होती. तिथेच कॅप्टन स्ट्युअर्ट पडला, ज्याच्या शौर्याला दाद म्हणून मराठ्यांनीच त्याला इष्टुर फाकडा केलं. 9 जानेवारीला फौज तळेगावला पोचली. कार्ल्याजवळच्या मळवली स्टेशनवरून लोकलनं तळेगाव अर्ध्या तासाचं आहे. त्यांना पाच दिवस लागले. गावात शिरल्यावर हाती राख आली.

माझ्या गोष्टीचा शेवट मला आयता मिळाला असं वाटलं होतं. पनवेलच्या रात्री त्याला धाकधूक वाटते की धान्य पुरेल का, आणि दीड महिन्यानं तळेगावात शेवटची गोण रिकामी होते. तंबूत काळोख. पडदा.

पण तसं झालेलंच नाही. तळेगावात फौजेकडे अजून अठरा दिवसांचा शिधा शिल्लक होता. पुणं राहिलं होतं अठरा मैल. धान्य संपलं नाही, वरच्या मंडळींचा धीर संपला. पुढे चिंचवड आणि खुद्द पुणंही जाळायची तयारी आहे असं कानावर आलं, आणि 11 जानेवारीच्या रात्री फौज मागे वळली. जड तोफा तळ्यात ढकलल्या, आणि साठा पेटवून दिला. वडगावपर्यंत पोचेतो मराठ्यांनी चहूबाजूंनी गाठलं, आणि जानेवारीच्या मध्यावर तह लिहून द्यावा लागला.

तर माझा क्वार्टरमास्टर बरोबर होता. त्याचं गणित चुकलं नव्हतं, गोणी सुक्या होत्या, दाणा कट्‌कन तुटत होता. त्याला जपायला दिलेलं त्यानं जपलं आणि त्याच्याच हातानं त्याला ते पेटवायला लावलं. चांगलं वाळलेलं धान्य पेटायला वेळ लागतो, हे तरी तो कुणाला सांगेल? वहीत त्या दिवसाच्या जावकेला काय लिहिलं असेल? शिपायांना वाटप? नुकसान? गिरणीत बिन कार्डावर जावकेपुढे कारण लिहिल्याशिवाय बाबांना माल बाहेर सोडता येत नसे.

बाबांचं आणखी एक आठवतं. वर्षाअखेरीची मोजणी असली की ते रात्री उशिरा घरी येत. चार शटलं कमी भरली तर जेवताना शांत असत. "कमी भरलं तर शोधता येतं गं," आईला सांगायचे, "कुणीतरी नेलेलं असतं, कुठेतरी सांडलेलं असतं." पण एकदा चामड्याचा एक पट्टा जास्त भरला. त्या रात्री ते जेवले नाहीत. जास्त भरलं म्हणजे मागे कधीतरी आपण चुकीचं लिहिलं, आणि कधी ते कळत नाही. पहाटे पाचला उठून परत गिरणीत गेले.

गोष्ट मी पुन्हा पनवेलला नेली आहे. तळेगाव त्यात येणारच नाही. मध्यरात्र उलटून गेली आहे. बाहेर लमाणांचे बैल रवंथ करतायत, मधूनच एखादी घंटा वाजते. गोणी जुळल्या आहेत. घोंगड्यांची शेवटची थप्पी तो घडीकडून मोजतो आणि वहीशी ताडून बघतो. एक जास्त आहे. तो कंदिलाची वात वर करतो, सगळ्या थप्प्या जमिनीवर उतरवतो, आणि पहिल्यापासून मोजायला घेतो.